क्षुल्लक दीक्षेला निघालेल्या मित्राला निरोप कसा लिहावा?

वाचकाचं पत्र

आम्ही कोल्हापुरात एका कॉलेजात शिकलेले आठ मित्र. त्यातला एक पुढच्या महिन्यात शिरोळ तालुक्यात जैनांमधली क्षुल्लक दीक्षा घेतोय. आमच्यात तो एकटाच जैन. आदल्या दिवशी दुपारी त्याच्या घरी ओटी भरण्याचा कार्यक्रम आहे आणि आम्हा मित्रांना दोन मिनिटं बोलायला दिलीयत. आम्ही तीन पानं लिहिली. रंकाळ्यावरचे किस्से, कॉलेजातली त्याची 'ती', रात्री उशिरा जेवायला बसून त्याला कसं छळायचो, २०१९ च्या पुरात त्यानं केलेलं काम, आणि शेवटी 'आम्हाला विसरू नकोस, फोन करत जा'. सोबत सगळ्यांच्या फोटोची चांदीची फ्रेम द्यायचीय. त्याच्या आईला आधी वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, मधेच उठून आत गेल्या. आमच्यातल्या एकाशी त्याचं गेल्या वर्षी पैशावरून वाजलंय, ते दोघं अजून नीट बोलत नाहीत. दुसऱ्या एकाला ही दीक्षाच पटलेली नाही. नेमकं काय लिहावं?

उत्तर

ती तीन पानं फाडू नका. तुम्हा सातजणांत कुणाकडं तरी नीट ठेवा. त्यातल्या दोन गोष्टी उचलून नवा निरोप लिहायचा आहे आणि तो दीडशे शब्दांच्या आत बसला पाहिजे.

आधी तो नेमका काय होणार आहे ते समजून घ्या, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप कळेल. दिगंबर जैन परंपरेत श्रावकाच्या, म्हणजे मुनी नसलेल्या जैन अनुयायाच्या, अकरा पायऱ्या सांगितल्यात, त्यांना प्रतिमा म्हणतात. क्षुल्लक अकराव्या पायरीवर असतो. त्याच्या पुढं ऐलक आणि मग मुनी. म्हणजे तुमचा मित्र पुढच्या महिन्यात 'मुनी' होत नाही. निरोपात 'मुनिश्री', 'तू आता मोक्षाला निघालास' असं काही घालू नका. ऐकणाऱ्या जाणत्या माणसांना ते खटकेल आणि त्यालाही अवघडल्यासारखं होईल. क्षुल्लकाकडं लंगोटी आणि अंगावर घ्यायचं एक आखूड वस्त्र, जे डोक्यावर ओढलं तर पाय उघडे राहतात. शिवाय मोरपिसांची पिच्छी, पाण्याचा कमंडलू, वाचायला शास्त्र, आणि आहारापुरतं भांडं. दिवसातून एकदाच आहार.

आता तुमची फ्रेम यात कुठं बसते बघा. बसत नाही. चांदीची असो वा लाकडाची, ती त्याला घेता येणार नाही. घेतली तरी दुसऱ्या दिवशी ती घरीच राहील आणि त्याच्या आईला रोज भिंतीवर दिसेल. कागदावर लिहिलेल्या निरोपाचंही तेच. तो जपून ठेवायला त्याच्याकडं खिसा नसणार, कपाट नसणार. तुमचा निरोप त्यानं एकदा कानांनी ऐकायचा आहे, एवढंच. म्हणून वाक्यं लहान हवीत, एका दमात म्हणता येतील अशी, आणि डोळ्यांनी वाचतानाच सुंदर वाटणारी सजावट नको.

'ती'चा किस्सा काढून टाका. यात लाजण्याचा प्रश्न दुय्यम आहे. ब्रह्मचर्यव्रत टिकावं म्हणून जैन आचारात पाच भावना सांगितल्यात. पूर्वी भोगलेल्या सुखांची आठवण काढत न बसणं ही त्यातली एक, आणि चमचमीत, उत्तेजक खाणं टाळणं ही दुसरी. म्हणजे मुलीची चेष्टा आणि रात्रीच्या पार्टीचं रसभरीत वर्णन, तुमच्या पानांतल्या या दोन सगळ्यात रंगलेल्या गोष्टी, तो ज्या दोन गोष्टी मनातूनही सोडायची तयारी करतोय नेमक्या त्याच आहेत. माईकवर हशा होईल, तोही हसेल कदाचित, पण व्रताच्या आदल्या दिवशी तुम्ही त्याच्या हातात नको ती वस्तू दिलेली असेल.

'विसरू नकोस, फोन करत जा' याचंही तसंच. दीक्षार्थीच्या घरच्यांना संमती द्यावी लागते. आईनं 'हो' म्हणायला किती रात्री काढल्या असतील ते त्या माउलीला ठाऊक. तिनं जो धागा सोडवलाय तोच तुमचं वाक्य सगळ्यांसमोर परत बांधतं. त्या उठून आत का गेल्या हे त्यांना विचारू नका. ओळ काढा आणि नवा मजकूर परत एकदा त्यांना वाचून दाखवा. त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या तर मजकूर बरोबर आहे.

मराठीत निरोप लिहिताना इथं एक अडचण येतेच. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरचे 'ये हं' म्हणतात. दीक्षेला निघालेल्याला 'लवकर ये' म्हणता येत नाही आणि नुसतं 'जा' तोंडातून निघत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे 'सुखानं पुढं जा'. त्यात तोडल्यासारखं वाटत नाही आणि परत बोलावणंही नाही.

मग निरोपात घालायचं काय? या प्रसंगाचा गाभा आधीच ठरलेला आहे, तो म्हणजे क्षमा. दीक्षेआधी दीक्षार्थी घरच्यांची, जमलेल्यांची, सगळ्या जिवांची क्षमा मागतो. 'खम्मामि सव्वजीवाणं, सव्वे जीवा खमंतु मे' ही प्राकृत ओळ तुम्हाला त्या दोन दिवसांत बऱ्याचदा ऐकू येईल. सगळ्या जिवांना मी क्षमा करतो, सगळे जीव मला क्षमा करोत, असा तिचा अर्थ. तुमचा निरोप म्हणजे या ओळीला मित्रांनी दिलेलं उत्तर. तो मागणारच आहे. तुम्ही द्यायची आणि तुम्हीही मागायची.

आणि इथंच बहुतेक निरोप फसतात. 'कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ कर' हे लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखं आहे, त्यात कुणीच काही केलेलं नसतं. क्षमा मागायची तर काय केलं ते म्हणावं लागतं. तुमच्या पत्रात ते आयतं आहे. तो सूर्यास्तानंतर जेवत नव्हता आणि तुम्ही मुद्दाम उशिरा जेवायला बसायचात. किस्सा म्हणून लिहिलेली ही ओळ तिथून उचला आणि क्षमेत ठेवा. अशा दोन किंवा तीन गोष्टी पुरेत. चारचौघांत सांगण्यासारख्याच निवडा, आणि त्या तुमच्या चुका असाव्यात, त्याच्या नव्हेत. 'तूही आम्हाला कमी त्रास दिला नाहीस' असलं वाक्य गमतीनंही नको.

पैशाचं भांडण मात्र माईकवर आणायचंच नाही. ज्याचं त्याच्याशी वाजलंय त्यानं कार्यक्रमाच्या निदान आठवडाभर आधी एकट्यानं जाऊन भेटावं. रक्कम नक्की करावी. देणं असेल तर ते त्याच्या घरच्यांच्या देखत देऊन टाकावं. येणं असेल तर एकतर आत्ताच घरच्यांशी बोलावं, नाहीतर सोडून द्यावं आणि 'सोडलं' असं तोंडानं म्हणावं. दीक्षेनंतर त्याच्याकडं मागायला त्याच्या नावावर काही उरणार नाही, आणि पैसे सोडले असं वरवर म्हणून मनात धरून बसलात तर ती सल तुमच्याकडंच राहील. याच भेटीत बाकीचंही बघून घ्या. भिशीत तो असेल तर त्याचा नंबर कुणाच्या नावावर जाणार, कुणाच्या कर्जाला तो जामीन आहे का, गाडीचे कागद कुणाच्या नावावर आहेत. हे झालं तरच 'आपल्यात काही देणंघेणं राहिलं नाही' हे वाक्य निरोपात घाला. झालं नसेल तर ते वाक्यच घालू नका.

आठवण एकच घ्या, पुराची. शिरोळ तालुका २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात होता, समोर बसलेल्या निम्म्या माणसांनी तो पूर अंगावर घेतलेला आहे, त्यामुळं प्रस्तावना लागणार नाही. 'फार मोठं काम केलंस' म्हणू नका. त्यानं केलेली एक बारीक कृती आठवा, जी दुसऱ्या कुणी केली नव्हती. खाली नमुन्यात आम्ही एक घातली आहे. तुम्ही तिथं होता, तुम्हाला खरी आठवेल, ती घाला.

आता भेटीचं. फ्रेमऐवजी काय द्यावं? अशा वेळी देण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तुम्ही स्वतः घेतलेला नियम. चातुर्मासानंतर पिच्छी बदलतात, तेव्हाही जुनी पिच्छी व्रत-नियम घेणाऱ्या श्रावकाच्याच हाती देण्याची प्रथा आहे. त्याग करणाऱ्याला त्यागानंच उत्तर द्यायचं, अशी ही रीत. तुम्ही जैन नसलात तरी घेऊ शकता. फक्त भरात येऊन 'आयुष्यभर मटण बंद' असं कुणी म्हणू नका. जैन आचारात यम आणि नियम असा फरक आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम, ठरावीक मुदतीसाठी घेतला तो नियम. तुम्ही नियम घ्या. महिन्यात दोन अष्टमी आणि दोन चतुर्दशी ही पर्वं. येत्या चातुर्मासात या दिवशी मांसाहार नाही आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही, असं धरलं तर चार महिन्यांत साधारण सोळा दिवस होतात.

घेण्याआधी घरचं कॅलेंडर काढून त्या तारखांवर पेनानं गोल करा. चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीला बसतो, म्हणजे तुमचा आखाडाचा रस्सा त्याच्या आत येतो. पर्व रविवारी आलं, त्या दिवशी कुठं जत्रेचं बोलावणं आलं, की नियम तिथंच मोडतो, आणि एकानं मोडला की बाकीचे 'चालतंय की' म्हणायला लागतात. सोळा दिवस झेपणार नाहीत असं वाटलं तर फक्त चतुर्दशी धरा, साधारण आठ दिवस होतील. आठ पाळलेले बरे. श्रावणात घरी तसंही मटण शिजत नसेल तर त्या महिन्यात रात्रीच्या जेवणाचा नियमच खरा ठरेल, तो नीट पाळा. आणि सातांपैकी ज्याला घ्यायचा नसेल त्याच्या नावानं घेऊ नका. निरोपात 'आम्ही पाच जण' असा खरा आकडा सांगा.

हे सगळं धरून निरोप असा होतो:

भावा,

उद्यापासून ही हाक मारता येणार नाही, म्हणून आज मारून घेतो.

२०१९ च्या पुरात आपण चपात्या वाटत होतो. आम्ही नुसत्या चपात्या दिल्या. तू प्रत्येकाला आधी नाव विचारलंस आणि मग चपाती दिलीस. दुसऱ्या दिवशी आम्हीही नाव विचारायला लागलो.

तू दिवस मावळल्यावर जेवत नव्हतास, हे माहीत असून आम्ही मुद्दाम उशिरा जेवायला बसायचो. तुझ्या ताटावरून चेष्टा केली. दीक्षेचं तू पहिल्यांदा बोललास तेव्हा आम्ही हसलो. या तिन्हींबद्दल आम्ही सातही जण तुझी क्षमा मागतो. तुझ्याकडून आमचं काही दुखलं असेल, तर ते आज सोडलं. आपल्यात काही देणंघेणं राहिलेलं नाही.

येत्या चातुर्मासात अष्टमी-चतुर्दशीला आम्ही पाच जण मांसाहार करणार नाही, रात्री जेवणार नाही. ही आमची भेट.

काका, काकू, दवाखाना असो, शेताचं काम असो, आमच्यातल्या कुणालाही हाक मारा.

भावा, सुखानं पुढं जा.

हे शंभर-सव्वाशे शब्द आहेत. सावकाश वाचलं तर दीड मिनिट जाईल, थांबायला अर्धं मिनिट उरेल, आणि ते लागणार आहे. तुमच्याकडं पक्की ठरवलेली दोन मिनिटं आहेत. आजूबाजूला त्याची मावशी, आत्या, गावचे पंच सगळे ओटी घेऊन थांबलेले असतात, शिवाय जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची असतात. तुम्ही पाच मिनिटं घेतलीत तर कुणी अडवणार नाही, पण शेवटच्या पंगतीची ओढाताण होईल.

'भावा' ही हाक सुरुवातीला आणि शेवटाला, दोनदाच. अधेमधे पेरली तर तिचा जोर जातो. आईवडिलांसाठीचं वाक्य क्षमेनंतर ठेवलंय, कारण तोवर त्याचं तुमच्याशी असलेलं खातं मिटलेलं असतं आणि मग ते वाक्य सरळ त्या दोघांकडं जातं. 'आम्ही तुमच्या मुलासारखेच' असं मात्र त्यात घालू नका. त्यांचा मुलगा समोर बसलेला आहे. दवाखाना, शेत, असं काम नाव घेऊन म्हटलं की माणूस खरोखर फोन करतो.

वाचायला तोच निवडा ज्याचा आवाज भरून येत नाही. सगळ्यात जवळचा मित्र बहुधा चालत नाही. कागदाची दुसरी प्रत शेजारी उभ्या राहणाऱ्याच्या हातात द्या, पहिला थांबला तर त्यानं तिथूनच उचलायचं. अक्षर मोठं, एका बाजूला, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असावं, पंख्याच्या वाऱ्यात सुटा कागद फडफडतो. मोबाईलवरून वाचू नका. वाचताना कुणाचा तरी फोन येतोच. वाचून झाल्यावर कागद काकूंना हवा असेल तर द्या, मागितला नाही तर आपल्याकडं ठेवा.

ज्याला दीक्षा पटलेली नाही त्यानं गप्प बसावं असं आमचं अजिबात म्हणणं नाही. मित्राच्या निर्णयाबद्दल शंका असेल तर ती सांगणं हे मित्राचंच काम आहे. पण ते आत्ता, या आठवड्यात, एकांतात. 'घरच्यांचा दबाव आहे का, तब्येत झेपेल का, एकदाच आहार घेऊन किती दिवस राहून बघितलंस' असे थेट प्रश्न विचारावेत आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. दीक्षेआधी बरेच जण काही काळ मुनींच्या संघात राहून सवय करतात, त्यामुळं त्याच्याकडं बहुधा उत्तरं असतील. नसतील तर ती त्याच्या गुरूंसमोर मांडायला अजून वेळ आहे. ओटीच्या दिवशी मात्र तोंड पाडून कोपऱ्यात उभं राहायचं नाही. नाव सातांत घालायचं की नाही हेही त्याला विचारूनच ठरवा.

फोनचं काम आदल्या रात्रीपर्यंत उरकून टाका. ग्रुपचा ॲडमिन तो असेल तर दुसऱ्याला करायला सांगा, आणि त्याच्या हातूनच त्याला ग्रुपमधून बाहेर पडू द्या. नंबर पुढं घरचं कुणी वापरणार असेल तर तुमचे रात्रीचे मेसेज त्यांना जातील. कुणीच वापरणार नसेल तर रिचार्ज बंद पडल्यावर काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर अनोळखी माणसाला देते. कुणीतरी दिवाळीला जुन्या सवयीनं मेसेज टाकतो आणि पलीकडून 'कोण?' असं उत्तर येतं. सातही जणांनी नंबर काढून टाकलेला बरा.

दीक्षेच्या दिवशी मंडपात केशलोंच होताना बघाल, केस हातानं उपटतात. ज्याला बघवणार नाही त्यानं आधीच मागं बसावं. संस्कार झाले, पिच्छी-कमंडलू दिला, की नवं नाव पुकारलं जाईल. तिथून पुढं तेच नाव. जवळ जाऊन मिठी मारायची नाही, खांद्यावर हात टाकायचा नाही. लांबून हात जोडून 'इच्छामि' म्हणायचं. क्षुल्लक-ऐलकांना इच्छामि, आर्यिका माताजींना वंदामि, मुनिमहाराजांना नमोस्तु. त्याच्या शेजारी मुनिमहाराज बसलेले असतील तर आधी त्यांना नमोस्तु आणि मग याला इच्छामि. घाईत उलटं होतं, म्हणून घरीच दोनदा म्हणून बघा.

पुढं भेटायला जायचं झालं तर संघ कुठं आहे ते त्याच्या घरी विचारा आणि दुपारची सामायिक, म्हणजे ठरल्या वेळची ध्यानसाधना, आटोपल्यावर, दिवस मावळायच्या बऱ्याच आधी पोचा. रिकाम्या हातानं जा. ढोकळा, पेढे, नवी चप्पल काहीही नको. तो ओळख दाखवेल, कदाचित नावही घेईल, किंवा शास्त्रातलं काही सांगून थांबेल. जे सांगेल ते ऐका, आणि विचारलंच तर कॅलेंडरवरच्या गोलांपैकी किती पाळले ते खरं सांगा.